आठ वर्षांच्या मुलाचं खणाचं जॅकेट: अस्तर खांद्यातून उलटवताना काय अडलं

भाच्याची मुंज होती. संध्याकाळी भिक्षावळीला कुर्त्यावर घालायला खणाचं जॅकेट शिव, असं वहिनीने सांगितलं. बिनबाह्यांचं, व्ही गळ्याचं, पुढे चार बटणं, खाली दोन टोकं. कापड तिनेच आणलं होतं, सव्वा मीटर जांभळा खण, पन्हा ३१ इंच. सोबत त्याच रंगाचं टॅफेटाचं अस्तर. तिची एकच अट होती. "मुंढ्याला पायपिंग नको गं. गेल्या वेळच्या जॅकेटची पायपिंग त्याला काखेत टोचत होती, दिवसभर ओढत बसला होता."

पायपिंग नको आणि मुंढ्यावर वरून टीपही नको, तर अस्तर आणि कापड मुंढ्याला सुलट बाजू आत ठेवून शिवायचं आणि मग उलटवायचं, हाच मार्ग उरतो. त्यात मुंढ्याची कड आपोआप बंद होते, माया म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड आत जाते आणि काखेला लागतं ते फक्त मऊ अस्तर. अडचण एवढीच की खांदा आणि साइड दोन्ही आधी जोडून टाकले, तर मुंढा, गळा आणि पुढची कड शिवल्यावर जॅकेट बाहेर काढायला वाटच राहत नाही. एक जोड उघडा ठेवावा लागतो. मी साइड उघडी ठेवते आणि पुढचे दोन्ही भाग खांद्यातून ओढून पाठीच्या साइडमधून बाहेर काढते. मोठ्यांची जॅकेटं मी अशीच शिवते. या वेळी कापड तेच, पद्धत तीच, पण जॅकेट अडकलं. का अडकलं आणि दुसऱ्यांदा काय बदललं, ते सविस्तर लिहिते.

आधी क्रम सांगते, म्हणजे अडलेली जागा नीट कळेल. खणाची पाठ आणि दोन पुढचे भाग खांद्याला जोडायचे. अस्तराचेही तसेच. साइड दोन्हीकडे मोकळी. खांद्याच्या शिवणी इस्त्रीने उघडून सपाट करायच्या, कारण नंतर तिथे इस्त्रीचं टोक पोचत नाही. मग खण आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर पसरायचे. खांद्याची शिवण खांद्याच्या शिवणीवर अगदी बरोबर बसवून टाचायची. आता तीन ठिकाणी टीप. पहिली एका पुढच्या भागाच्या साइडपासून निघून त्याच्या खालच्या कडेने, मग पुढच्या कडेने वर, गळ्याभोवती, दुसऱ्या भागाच्या पुढच्या कडेने खाली आणि त्याच्या खालच्या कडेने साइडपर्यंत. दुसरी दोन्ही मुंढ्यांना, साइडच्या एका कच्च्या कडेपासून दुसऱ्या कच्च्या कडेपर्यंत. तिसरी पाठीच्या खालच्या कडेला. एवढं झालं की चार कडा उघड्या उरतात, दोन पुढच्या भागांच्या आणि दोन पाठीच्या, सगळ्या साइडच्या. पाठीच्या साइडमधून हात आत घालायचा, खांद्याच्या बोळातून पुढच्या भागात उतरायचं, त्याची खालची कड पकडायची आणि त्याच बोळातून मागे ओढून घ्यायची. नाडी ओवताना नेफ्यातून सेफ्टी पिन जाते, तसा इथे जॅकेटचा अख्खा पुढचा भाग खांद्यातून जातो.

मोठ्या माणसाच्या जॅकेटला तयार खांदा चार इंचांच्या आसपास असतो. बोळाचा घेर आठ इंच. त्यातून पुढचा भाग सहज निघतो. भाच्याची छाती २६ इंच, कुर्त्यावर घालायचं म्हणून तयार घेर मी ३० धरला. पाठीची लांबी १७, पुढची टोकापर्यंत १९. खांदा मी तीन इंच कापला आणि कडेची माया दोन्हीकडे तीन-तीन सूत, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन इंचांतून गळ्याचे तीन सूत आणि मुंढ्याचे तीन सूत गेले की उरतात सव्वादोन इंच. म्हणजे बोळाचा घेर साडेचार इंच. तोही कागदावरचा. आत दोन्ही कडांना खणाची आणि अस्तराची माया पडलेली असते, ती आपली जागा खातेच. पुढच्या भागाची छातीजवळची रुंदी साडेनऊ इंचांच्या थोडी वर, कारण त्यात बटणपट्टीचा चढ आणि साइडची एक इंच माया धरलेली. तेवढं रुंद, दुहेरी कापड त्या बोळातून न्यायचं होतं. हा हिशेब मी कापण्याआधी केला नाही, तो अडकल्यावर केला.

पहिला प्रयत्न असा झाला. खण सुटतो, त्याचे धागे कापलेल्या कडेने भराभर निघतात. म्हणून मी दोन्ही पुढच्या भागांना पूर्ण पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड, लावलं. घरात होतं ते शर्टाच्या कॉलरचं, कडक. खांद्याच्या शिवणीपर्यंत नेलं. खिसा खरा नव्हता, नुसती दिखाऊ झडप होती. ती खणाच्या दोन थरांची, मध्ये पेस्टिंग, वरून दाबटीप. तीही आधीच पुढच्या भागावर शिवून टाकली. मुंढ्याला तीन सुतांवर टीप मारली, वळणावर कात्रीने खाचा दिल्या आणि उलटवायला घेतलं.

डावा भाग बऱ्याच ओढाताणीने निघाला. उजवा झडपेपर्यंत आला आणि थांबला. मी टोक धरून जोर केला. गळ्याकडच्या खांद्याच्या कोपऱ्यात दोरा तुटल्याचा बारीक आवाज आला. हात थांबवला, पण उशीर झाला होता. दोन्ही भाग बाहेर काढून टेबलावर पसरले तेव्हा दिसलं की डाव्या भागावर छातीच्या मध्यापासून तिरप्या दोन घड्या उमटल्यात. वाफेची इस्त्री दिली. घड्या थोड्या मवाळ झाल्या, पण त्यांच्या रेषेवर खण पेस्टिंगपासून सुटून फुगला होता. कडक पेस्टिंग एकदा मोडलं की त्याचा गोंद त्या रेषेत तुटतो. पुन्हा दाबून चिकटवलं तरी उजेडात तिरपं धरल्यावर ती रेष दिसतेच. खणासारख्या चकचकीत कापडावर तर लांबूनही दिसते.

वहिनी तेव्हा घरीच आली होती. तिने जॅकेट हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, इस्त्रीने जाईल की." मी नाही म्हटलं आणि उसवायला बसले.

उसवणं या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलं. टाके काढत गेले तशी एकेक गोष्ट दिसली. खांद्याच्या शिवणीत दोन थर खण, दोन थर अस्तर आणि वर दोन थर पेस्टिंग असं जाड गाठोडं झालं होतं. ते नेमकं बोळाच्या सगळ्यात अरुंद जागी. खांद्याच्या शिवणीची माया मी टोकांना छाटली नव्हती, त्यामुळे ती मुंढ्याच्या आणि गळ्याच्या टिपेखाली दुमडली जाऊन तिथे आणखी जाडी आली होती. झडपेजवळ सहा थर झाले होते. आणि मुंढ्याच्या वळणावर, जिथे मी खाचा दिल्या होत्या, तिथे डाव्या बाजूला दोन खाचांतून खणाचे धागे टिपेपर्यंत येऊन पोचले होते. ते मला अडकण्याहून जास्त लागलं. अडकलेलं जॅकेट लगेच कळतं. सुटत चाललेला मुंढा मात्र दोन-तीन धुण्यांनंतर, मूल घालून खेळत असताना उसवतो.

पाठ आणि अस्तर शाबूत होतं. पुढचे दोन्ही भाग पुन्हा कापायचे ठरवले. एक पाठीशेजारच्या पट्टीतून निघाला, दुसरा आधीच्या पुढच्या भागांशेजारी उरलेल्या साडेअकरा इंचांच्या पट्टीतून. खणाची बुट्टी बारीक होती म्हणून दोन्हीकडची नक्षी जुळवण्याचा प्रश्न आला नाही. मोठ्या नक्षीचं कापड असतं तर सव्वा मीटरात हे जमलं नसतं.

खांदा रुंद करता आला असता का? पाठ कापून झाली होती, आणि आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा रुंद खांदा लोंबल्यासारखा दिसतो. म्हणून बोळ तसाच ठेवून त्यातून जाणारं कापड बारीक करायचं ठरवलं.

पेस्टिंग बदललं. मऊ, विणीचं सुती पेस्टिंग आणलं आणि पुढच्या भागाला पूर्ण न लावता फक्त कडेला, दोन इंच रुंद पट्टी. खालच्या टोकापासून वर गळ्याच्या वळणाने जाऊन खांद्याच्या शिवणीच्या अर्धा इंच अलीकडे थांबवली. काजं आणि बटणं त्या पट्टीतच येतात, म्हणून तिथे आधार हवाच. बाकी पुढचा भाग मोकळा. मुंढ्याला त्याच पेस्टिंगची अर्ध्या इंचाची उरेब पट्टी, खणाच्या उलट बाजूने, टीप तिच्या मधोमध येईल अशी. उरेब यासाठी की सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या घालते. खाचांपासून धागे सुटतात ते हीच पट्टी अडवते. पूर्ण भागाला पेस्टिंग लावून मी जे साधायला निघाले होते, ते एवढ्याशा पट्टीने साधलं.

मुंढ्याच्या टिपेचा टाका मी मशीनवर अडीचवरून दोनवर आणला, आणि काखेच्या खोल वळणावर साधारण तीन इंच, पहिल्या टिपेला लागून मायेत दुसरी टीप दिली.

अस्तर कापताना मुंढ्याला आणि पुढच्या कडेला खणापेक्षा एक सूत आत कापलं. टाचताना मात्र दोन्ही कडा बरोबर जुळवून टाचायच्या. अस्तर किंचित ताणलं जातं, खण किंचित सैल राहतो. उलटवल्यावर अस्तर आत ओढून घेतं आणि शिवण कडेवर न राहता आतल्या बाजूला सरकते. बाहेरून अस्तराची रेघ दिसत नाही. या पद्धतीत साइड उघडी असली तरी मुंढ्याच्या खांद्याकडच्या भागात अस्तराला आतून मशीनची टीप मारता येत नाही, पाय तिथे शिरतच नाही. म्हणून शिवण आत ठेवण्याचं काम त्या एक सुतावरच सोपवावं लागतं.

शिवून झाल्यावर छाटणी. खणाची माया दोन सूत, अस्तराची दीड सूत, म्हणजे दोन्ही कडा एकावर एक येऊन पायरी पडत नाही. खांद्याच्या शिवणीची चारही टोकं तिरपी छाटली. वळणावर अर्ध्या-अर्ध्या इंचाला खाच, टिपेपासून अर्धा सूत अलीकडे थांबून. इथे घाई करायची नाही. खाच फार उथळ ठेवली तर उलटवल्यावर मुंढा सपाट पडत नाही, काखेशी चुण्या येतात. फार खोल गेली तर टीपच कापली जाते. मी छोटी, टोकदार कात्री घेते आणि खाच देताना टिपेखाली बोट ठेवते.

उलटवण्याआधी एक तपासणी मी आता कधी चुकवत नाही. पाठीच्या साइडमधून हात घालून बोळातून बोटं पुढच्या भागात काढून पाहायची. तीन बोटं जोडून आरपार गेली, आडवी न अडकता, तर मऊ कापडाचा पुढचा भाग निघतो असा माझा अनुभव आहे. दोनच बोटं गेली तर उलटवायला घेऊच नये. याच वेळी चारही साइडच्या कडा खरंच उघड्या आहेत ना, टाचताना एखादी टिपेत आली नाही ना, तेही कळतं.

मग ओढणं. पहिल्या वेळी मी टोक पकडून सरळ खेचलं होतं, कापड बोळाच्या तोंडाशी गोळा झालं आणि बुचासारखं बसलं. दुसऱ्या वेळी खालची कड आत हातात घेऊन साडीच्या निऱ्या घालतो तशा उभ्या घड्या घातल्या, साधारण इंचभर रुंदीच्या. त्या घड्यांचं टोक बोळात घातलं. एका हाताने टोक हलकं ताणून धरलं आणि दुसऱ्या हाताने खांद्याचा बोळच त्याच्यावरून मागे मागे सरकवला. जोर ओढणाऱ्या हातात नसून सरकवणाऱ्या हातात. छातीचा रुंद भाग येतो तेव्हा थांबून आतल्या घड्या पुन्हा सारख्या केल्या. डावा भाग निघाला, मग उजवा. नंतर पाठ साइडमधून उलटवली, ती तर पिशवीसारखी लगेच उलटते. टोकं सुईने न ओढता आतून विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने बाहेर काढली.

खिशाची झडप अजून लावलेली नव्हती, ती मुद्दामच मागे ठेवली होती. साइड उघडी असल्यामुळे पुढच्या भागात हात जातो, खण आणि अस्तर वेगळे धरता येतात. म्हणून झडप उलटवून झाल्यावर, फक्त खणाच्या थरावर, हाताने शिवली. आतून अस्तर स्वच्छ राहिलं. खरा खिसा असता तर हे जमलं नसतं. तो आधीच करावा लागतो, आणि लहान मुलाच्या खांद्यातून खिशाची पिशवी नेण्याचं धाडस मी करणार नाही.

आता साइड. पुढच्या भागाची खणाची साइड पाठीच्या खणाच्या साइडवर सुलट बाजू आत ठेवून, आणि त्याच सरळीत अस्तर अस्तरावर. मुंढ्याची शिवण मुंढ्याच्या शिवणीवर अचूक यायला हवी, म्हणून ती जागा सगळ्यात आधी टाचायची आणि चार कच्चे टाके हाताने घालायचे. मग अस्तरात मुंढ्यापासून दोन इंच अंतरावर टीप सुरू करून मुंढ्याची शिवण ओलांडायची, खणाची साइड पूर्ण उतरायची, खालची शिवण ओलांडायची आणि अस्तरात पुन्हा दोन इंच जाऊन उलट टीप देऊन थांबायचं. मधलं अस्तर उघडं राहतं, त्यातून जॅकेट सुलट करून हाताने बारीक टाक्यांनी बंद करायचं. दोन्ही बाजूंना असंच.

उजवी साइड पहिल्यांदाच जुळली. डावीला काखेत एक सुताची पायरी आली, पुढचा मुंढा पाठीच्या मुंढ्यापेक्षा किंचित वर. उसवून पाहिलं तर कारण साइडच्या टिपेत नव्हतंच. मुंढ्याची टीप साइडच्या कच्च्या कडेजवळ पोचताना माझ्या हातून वळली होती, शेवटच्या इंचात तीन सुतांची माया दोनच राहिली होती. हे उलटवण्याआधी कळलं असतं. पुढच्या आणि पाठीच्या साइडच्या कडा एकमेकींवर ठेवून मुंढ्याच्या दोन्ही टिपा एकाच रेषेत येतात का पाहायचं, दोन मिनिटांचं काम. आता मी तिथे खडूने मायेची रेष आखूनच टीप मारते, पायाच्या अंदाजावर सोडत नाही. त्या वेळी मुंढ्याची टीप शेवटच्या दीड इंचात उसवून पुन्हा मारली, साइड उघडीच असल्याने ते सहज झालं.

साइड शेवटी जोडली जाते याचा एक मोठा फायदा आहे, आणि मुलांच्या कपड्यांत तो फार कामाचा. भाच्याला कुर्त्यावर जॅकेट चढवून साइडला टाचण्या लावल्या आणि घेर अंगावरच ठरवला. ३० इंच जास्त सैल वाटला म्हणून २९ केला. मुंढा, गळा, पुढची कड सगळं तयार असताना माप घेता येतं, कशालाच हात लावावा लागत नाही. साइडला एक इंच माया ठेवली होती ती छाटली नाही. फक्त काखेत, मुंढ्याच्या खाली, ती जाड होऊन टोचू नये म्हणून इस्त्रीने उघडून सपाट बसवली. तिथे मुंढ्याची कापणी मायेच्या भागात वळणाने वर न नेता आडवी सरळ ठेवली होती, त्यामुळे पुढे साइड सोडली तरी काखेत खोच पडत नाही.

काजं सगळ्यात शेवटी केली. पुढच्या कडेला दाबटीप नाही, ओलं सुती कापड ठेवून इस्त्री दाबली, सरकवली नाही. शिवण आत राहिली.

हीच पद्धत याहून लहान मुलाला मी वापरत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाचा तयार खांदा दोन इंचांच्या आत येतो आणि तीन बोटांची परीक्षा तिथेच हरते. तेव्हा उलट करते. साइड आधी जोडायच्या, खांदे उघडे ठेवायचे, मुंढा आणि गळा खांद्याच्या रेषेपर्यंत शिवायचा, पाठीच्या खालच्या कडेत चार इंच सोडून तिथून जॅकेट उलटवायचं आणि खांदे शेवटी जोडायचे, खण मशीनवर, अस्तर हाताने. त्यात मुंढा तितकाच स्वच्छ येतो, पण हाताचा जोड खांद्यावर, नजरेच्या समोर राहतो आणि तिथे किंचित उंचवटा येतो. साइडमधला हाताचा जोड मात्र काखेखाली अस्तरात लपतो. म्हणून जिथे बोळ पुरतो तिथे मी खांद्यातूनच उलटवते. जाड लोकरी कापड आणि आतून शिवलेला कॅनव्हास असेल तर मोठ्या मापालाही नाही. तो पुढचा भाग घडी घालण्यासाठी बनलेलाच नसतो. उभी पट्टीची कॉलर असेल तर गळा या टिपेत घेता येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो.

मुंजीच्या संध्याकाळी जॅकेट अंगात होतं आणि काखेत कुणी ओढत बसलं नाही. पुढच्या वर्षी दिवाळीला वहिनीने ते परत आणलं, घेर कमी पडत होता. दोन्ही साइडचं अस्तर उसवलं, खणाची टीप काढली आणि मायेतून प्रत्येकी एक इंच घेर वाढवून त्याच क्रमाने पुन्हा जोडलं. मुंढ्याच्या खाचांशी खण कुठेच सुटला नव्हता.